ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

राजीनामा दिलेल्या माणसाबद्दल कंपनीत दोनदा बोललं जातं. एकदा निरोपाच्या दिवशी, समोसे आणि वेफर्सच्या साक्षीने. त्या दिवशी सगळे त्याला आपल्या कुटुंबातला माणूस म्हणतात, आणि पगारवाढीच्या वेळी हे कुटुंब कुठे गेलं होतं, असं विचारायचा तो प्रसंग नसतो. दुसऱ्यांदा बोललं जातं ते पुढच्या महिन्यात, टीडीएस भरायच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा जे बोलतात ते मनापासून असतं.

मी अकाउंट्समधला. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग करणारी एक लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तिच्या पहिल्या मजल्यावर, कॉम्प्रेसरच्या बरोबर डोक्यावर माझी खुर्ची. अशा कंपनीत अकाउंट्सवाला म्हणजे अकाउंट्स, जीएसटी, पीएफ, गाडीचा इन्शुरन्स, साहेबांच्या मुलीच्या कॉलेजची फी आणि पाण्याचे जार. राजीनाम्याचं पत्र वाचून साहेब थोडा वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण जायच्या आधी सगळं लिहून ठेवा." सगळं हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला, की जणू ते मी अर्ध्या दिवसात उरकून दुपारी बँकेत जाऊन येईन.

हँडओव्हर डॉक्युमेंट लिहायला बसलेला माणूस पहिल्यांदा आत्मचरित्रच लिहितो. मी रुजू झालो तेव्हा बिलं वहीत होती. मग टॅली आली, ती मी आणली. मग जीएसटी आला, तो मी आणला नाही पण निभावला मीच. या प्रस्तावनेनंतर कामांची यादी येते. टीडीएस वेळेत भरणे. जीएसटी रिटर्न वेळेत भरणे. पार्ट्यांचा फॉलोअप घेणे. बँक रिकन्सिलिएशन करणे. ओळी एकाखाली एक अशा शिस्तीत उभ्या राहतात की बघून स्वतःचाच आदर वाटतो. एचआरच्या मॅडमनाही असंच आवडतं, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये 'हँडओव्हर पूर्ण' असा चौकोन असतो आणि त्यावर टिक करायला दोन पानं पुरतात. मात्र ही यादी वाचून कुणालाही काहीही करता येत नाही. टीडीएस वेळेत भरायचा असतो हे नव्या माणसाला माहीत असतंच. नसेल तर त्याला घेतला कसा, हा प्रश्न एचआरचा.

यादी मोघम ठेवण्यामागे आळस थोडा आणि लोभ जास्त असतो. आपण गेल्यावर कंपनीचं कसं होणार, या काळजीत एक गोडवा आहे. अगदी बुडू नये, पण दोनचार दिवस गटांगळ्या खाव्यात, फोन यावा, आणि आपण नव्या ऑफिसच्या जिन्यात उभं राहून दमलेल्या आवाजात "बघतो हं" म्हणावं, एवढीच माफक इच्छा. नोटीस पिरियडमधल्या प्रत्येक माणसाच्या मनात ही इच्छा असते आणि त्याचं डॉक्युमेंट तिच्याच तालावर अपुरं राहतं. चांगली छाप पाडायची तर हा लोभ पहिल्या आठवड्यातच सोडावा लागतो.

दुसरी अडचण अशी, की ज्याच्यासाठी लिहायचं तो अजून अस्तित्वात नसतो. दोन महिन्यांची नोटीस. त्यातला पहिला महिना मी राजीनामा मागे घेईन या आशेत जातो, पुढचे तीन आठवडे एचआर 'प्रोफाइल्स बघतंय', आणि नवा माणूस उगवतो तो शेवटच्या आठवड्यात. त्यातले दोन दिवस त्याचा संगणक येण्यात आणि एक दिवस त्याचं आधार पीएफला जोडण्यात जातो. म्हणजे लिहायचं एका अनोळखी माणसाला. त्याच्याबद्दल मी एकच गोष्ट धरून चाललो: त्याला हिशेब येतो, आमचं ऑफिस येत नाही. मग जे कायद्याच्या पुस्तकात किंवा सीएंकडे मिळेल ते मी कापत गेलो आणि जे फक्त या जिन्यावर मिळेल ते ठेवत गेलो.

टीडीएसचंच घ्या. महिन्याभरात कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारात भरायचा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. हे जगजाहीर आहे. आमच्याकडे मात्र ती तारीख ५ आहे, आणि हे जगात कुठेही छापलेलं नाही. कारण असं: चलन मी तयार करतो, बँकेच्या साइटवर पेमेंट मी टाकतो, पण ते मंजूर साहेबांनी त्यांच्या लॉगिनमधून करायचं. साहेब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाकणला कस्टमरकडे असतात. तिथे मशिनशॉपमध्ये फोनला रेंज नाही. ते बाहेर येतात जेवायला, दीड ते दोन. म्हणजे संपूर्ण आयकर खात्याशी आमचा संबंध या अर्ध्या तासावर टिकून आहे. ५ तारखेला चलन टाकलं तर हा अर्धा तास तीनदा मिळतो. ७ तारखेला टाकलं तर एकदाच, आणि त्या दिवशी कस्टमरने जेवायला हॉटेलात नेलं की संपलं.

संपलं म्हणजे किती संपलं, हेही लिहिलं, कारण आकडा दिसल्याशिवाय ५ तारखेवर कुणाचा विश्वास बसत नाही. समजा ऑगस्टमध्ये ८४,००० रुपये टीडीएस कापला आणि ७ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला भरला. उशीर एक दिवसाचा. व्याज महिन्याला दीड टक्का. पण ते मोजतात टीडीएस कापल्या दिवसापासून, आणि महिन्याचा तुकडा पडला तरी पूर्ण महिना धरतात. ऑगस्टचा एक, सप्टेंबरचा एक, झाले ३ टक्के. म्हणजे २,५२० रुपये, एका दिवसाचे. शिवाय हे लगेच कळत नाही. तिमाहीचं रिटर्न भरल्यावर काही दिवसांनी नोटीस येते, तोवर तो हॉटेलातला पनीर टिक्का कुणाच्याही आठवणीत नसतो.

त्याखाली आणखी एक ओळ टाकली, जॉबवर्कवाल्यांसाठी. आमच्याकडे ग्राइंडिंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट सगळं बाहेर जातं. मालक एकटा किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर कापायचा १ टक्का. कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. बिलावरच्या नावाकडे बघून काही कळत नाही, कारण भोसरीत दीड खोलीच्या शेडवरही 'इंडस्ट्रीज' अशी पाटी असते. पॅनचं चौथं अक्षर बघायचं. P असेल तर व्यक्ती, H असेल तर कुटुंब, C कंपनी, F फर्म. एका प्लेटिंगवाल्यांनी मध्येच मेहुण्याला भागीदार केलं आणि पॅन बदललं; नवं पॅन बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात आलं. तेव्हापासून प्रत्येक एप्रिलमध्ये सगळ्या पार्ट्यांची पॅन पुन्हा तपासायची, हेही लिहिलं. मेहुण्याचा उल्लेख आधी होता, नंतर काढला.

एवढं लिहिल्यावर 'टीडीएस वेळेत भरणे' या ओळीचं सव्वा पान झालं.

मग आला ओटीपी. हा भाग लिहिताना मला पहिल्यांदा घाम फुटला, कारण कंपनी साहेबांची आहे असं आम्ही सगळे समजत होतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती माझ्या मोबाइलची होती. जीएसटीच्या नोंदणीत नंबर माझा. ई-वे बिलाला नंबर माझा. पीएफचा माझा, वीजबिलाचा माझा, कुरिअरवाल्याचा माझा. एका बँकेत तर ईमेलही माझा, तोही कॉलेजात असताना उघडलेला, ज्यात माझ्या नावापुढे एक अतिउत्साही विशेषण आहे. हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. फॉर्म भरताना साहेब मीटिंगमध्ये असतात, ओटीपी लगेच लागतो, म्हणून 'तात्पुरता' आपला नंबर टाकला जातो. लहान कंपनीत तात्पुरत्याचं आयुष्य फार मोठं असतं.

यातलं सगळ्यात घातकी म्हणजे ई-वे बिल. आता त्याच्या साइटवर लॉगिन करताना पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो. म्हणजे मी नोकरी सोडून कोल्हापूरला अंबाबाईच्या रांगेत उभा आहे, फोन नियमाप्रमाणे बंद, आणि इकडे भोसरीच्या गेटवर माल भरून टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, डिस्पॅचवाला मला फोन लावतोय, आणि दर्शनाची रांग इंचाइंचाने सरकतेय. कंपनीच्या मनात माझी प्रतिमा कायमची कोरली जायला एवढं पुरे. निरोपाच्या भाषणात "सरांचा कंपनीशी संबंध कधीच तुटणार नाही" असं म्हणतात ते बहुतेक यालाच.

उपाय अवघड नाही, फक्त शेवटच्या दिवसासाठी ठेवायचा नाही. ई-वे बिलात सब-युजर करता येतात, त्यांचे नंबर वेगळे. डिस्पॅचच्या माणसाला त्याच्या नंबरावर स्वतःचं लॉगिन करून दिलं. जीएसटीत अधिकृत सहीवाल्याचा मोबाइल आणि ईमेल बदलायला खात्याच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, तेव्हा तिथे साहेबांचा नंबर आला. बँकेत मात्र फॉर्म, शिक्का, ठराव, पुन्हा शिक्का. ते काम नोटिशीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करावं लागतं, कारण बँकेत ज्या मॅडमकडे ते टेबल असतं त्या नेमक्या ट्रेनिंगला गेलेल्या असतात. डॉक्युमेंटमध्ये या सगळ्याचा एक तक्ता केला: कुठलं लॉगिन, कुणाच्या नंबराशी जोडलेलं, कुणाच्या ईमेलशी, बदललं का, कधी. पासवर्ड एकही लिहिला नाही. ही फाइल साहेब 'एफवायआय' म्हणून पाच जणांना पाठवणार हे ठरलेलं. त्या पाचांतला एक मार्केटिंगचा असतो, आणि तो पुढे किती जणांना पाठवेल ते सांगता येत नाही. पासवर्ड शेवटच्या दिवशी साहेबांच्या समोर बसून बदलायचे.

साहेबांच्या डिजिटल सहीचं टोकनही तेव्हाच त्यांच्या हातात दिलं. पेन ड्राइव्हसारखी ही वस्तू कायद्याने ज्याची सही त्याच्याकडे असायला हवी. प्रत्यक्षात ती अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या डबीत असते आणि तिचा पिन सेलोटेपने तिलाच चिकटवलेला असतो. मी टोकन पुढे केलं तेव्हा साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" त्यांच्याच सहीची त्यांच्याशी ओळख करून दिली. मुदत कधी संपते ती तारीख लिहून दिली आणि पोच घेतली. पोच घेताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण पुढे कधी टोकन सापडलं नाही तर आपल्या ड्रॉवरची आठवण सगळ्यांना होते.

आता अर्धवट राहिलेल्या गोष्टी. इथे लिहिणाऱ्याचा हात आखडतो. आमच्या सस्पेन्स खात्यात १७,४१८ रुपये होते. ज्यांना हिशेबाचा संबंध नाही त्यांच्यासाठी: पैसे आले पण कुणाचे ते कळलं नाही, तर ते या खात्यात ठेवतात, कळेपर्यंत. नाव नाट्यमय असलं तरी खातं अगदी सरळ आहे. जाणाऱ्या माणसाला मोह होतो, की शेवटच्या आठवड्यात ही रक्कम कुठेतरी वळवून पाटी कोरी करावी. दुसरा मोह गप्प बसण्याचा, कारण गेली दोन ऑडिटं कुणाचं तिकडे लक्ष गेलेलं नाही.

गप्प बसलं की काय होतं ते मी या खुर्चीवर आलो तेव्हाच पाहिलं होतं. ऑडिटला आलेल्या पोराने एका एंट्रीवर बोट ठेवलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "ते आधीच्या सरांनी…" वाक्य पूर्ण कुणी केलं नाही, गरजच नव्हती. गेलेला माणूस हेच मग कंपनीचं सस्पेन्स खातं होतं. ज्याचा मेळ लागत नाही ते त्याच्या नावावर. डेबिट नोट पाठवायची राहिली, आधीच्या सरांनी. पीएफमध्ये कुणाचं आडनाव चुकलं, आधीच्या सरांनी. पंख्याचा रेग्युलेटर गेला, तोसुद्धा. ते बिचारे तेव्हा नाशकात, दुसऱ्या कुणाच्या आधीच्या सरांना बोल लावत बसलेले.

म्हणून पान सातवर सस्पेन्स उलगडून ठेवलं. रक्कम कोणत्या तारखेला आली, बँकेच्या नोंदीत काय दिसतं, मी कुणाकुणाला विचारलं, कोण काय म्हणालं. सेल्सचं मत, की हे भंगारवाल्याचे. भंगारवाल्याचं मत, की देवाशपथ माझे नाहीत. पैसे आपले नाहीत असं शपथेवर सांगणारा भंगारवाला विरळाच, म्हणून त्याचं म्हणणं मी तसंच नोंदवलं. शेवटी लिहिलं, 'खात्री होईपर्यंत वळवू नये.' याच पानावर बाकीची उरलेली कामं: कुठल्या कस्टमरकडून रेट डिफरन्सची क्रेडिट नोट यायची आहे, प्लेटिंगला गेलेला कुठला माल चलनावर अजून परत आलेला नाही, कुठलं बिल मुद्दाम अडवून ठेवलंय आणि कुणाच्या सांगण्यावरून. मुद्दाम अडवलेल्या बिलांबद्दल विशेष जपावं. नवा माणूस उत्साहाने पहिल्याच दिवशी सगळी जुनी पेमेंटं सोडतो, आणि सहा महिने खराब मालाबद्दल भांडणाऱ्या परचेसवाल्याला रडू येतं.

माणसांबद्दल लिहिताना पेन सांभाळावं लागलं. पहिल्या मसुद्यात मी एका सप्लायरपुढे 'महाखडूस' लिहिलं होतं, आणि मजकूर अचूक होता. पण त्यातून नव्या मुलाने करायचं काय, हे निघत नव्हतं. शेवटी असं झालं: 'मेल वाचत नाहीत. फोन सकाळी अकराच्या आत करावा, दुपारी पूजेनंतर झोपतात. आधी माल कसा होता ते सांगावं, मग पैशाचं बोलावं. लेजर मागितलं की चिडतात. त्यांच्या मुलाकडे व्हॉट्सअॅपवर मागावं, तो देतो.' महाखडूस हा निष्कर्ष त्याचा त्याला काढू दे. त्यालाही थोडा आनंद हवा.

लिहून झालं, तरी ते चालतं का हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याला वाचताना न लिहिलेलंही दिसत असतं. नवा मुलगा यायचा होता, म्हणून मी स्टोअरमधल्या पोराला बोलावलं. बी.कॉम. झालेला, टॅली उघडता येणारा, बाकी कोरा. त्याला म्हटलं, यातलं टीडीएसचं पान घे आणि वाचून चलन तयार कर. पेमेंट करू नकोस, तिथवर ये. मी शेजारी बसतो, तोंड उघडणार नाही.

तोंड न उघडणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कठीण भाग आहे. पोराने दुसऱ्याच पायरीवर फोल्डर उघडलं. प्रत्येक अकाउंट्स खात्यात असतात तशा तिथे तीन फाइली होत्या: `TDS_final.xlsx`, `TDS_final_new.xlsx` आणि `TDS_final_new_USE_THIS.xlsx`. त्याने अर्थातच तिसरी उघडली. चालू फाइल दुसरी. मी दात आवळून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत बसलो. त्याने बराच वेळ आकडे जुळवायचा प्रयत्न केला आणि मग म्हणाला, "सर, हे मागच्या दिवाळीचं आहे का हो?" मी त्याला उत्तर दिलं नाही, उठलो, नको त्या दोन्ही फाइली 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि डॉक्युमेंटमध्ये चालू फाइलचं नाव लिहिलं. असं दर अडखळण्याला केलं. त्याला तोंडी सांगितलं असतं तर फक्त त्याचं काम झालं असतं, आणि तो तर परत स्टोअरमध्ये जाणार होता. दुपारपर्यंत चलन तयार झालं. पोराने विचारलं, "सर, हेच काम आहे का तुमचं पूर्ण महिना?" त्या प्रश्नाने मला राजीनाम्यापेक्षा जास्त त्रास झाला.

नवा मुलगा आला तेव्हा नऊ पानं तयार होती. शेवटचा दिवस मी हट्टाने २० तारखेच्या पुढे ढकलून घेतला होता, म्हणजे ११ चं जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, १५ चा पीएफ आणि २० चं कर भरण्याचं रिटर्न, हा फेरा माझ्या डोळ्यांदेखत एकदा पुरा व्हावा. मुलगा उशिरा आल्याने त्याच्या वाट्याला त्यातलं फक्त २० चं आलं. ते त्याने केलं, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. दोनदा त्याने मान वर केली, दोनदा मी पानाकडे बोट दाखवलं. साहेब दारात येऊन हे बघून गेले आणि बाहेर एचआरच्या मॅडमना म्हणाले, "बरं झालं, फारसं अवघड नव्हतं म्हणजे काम. उगाच आपण काळजी करत होतो." मला हे काचेतून ऐकू आलं. निरोपाला समोसे होते, भाषणंही झाली. कंपनीने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

पुढच्या महिन्यात फोन एकदाच आला, तोही पाण्याच्या जारवाल्याचा. त्याच्याकडे अजून माझाच नंबर होता. तो तक्त्यात राहून गेला होता.

नव्या कंपनीत पहिल्या दिवशी मी विचारलं, आधीच्या सरांनी हँडओव्हर काय दिलंय? तिथल्या मॅडमनी एक मेल काढून दाखवला. त्यात एकच ओळ होती: 'सर्व माहिती सिस्टिममध्ये उपलब्ध आहे.' सिस्टिम उघडायला गेलो तर पासवर्ड मान्य झाला आणि पडद्यावर पुढची चौकट आली: नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, शेवटचे चार अंक अमुक. मी त्या आधीच्या सरांना फोन लावला. बिझी. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा बिझी. शेवटी दुपारी त्यांनीच उचलला आणि घाईघाईने म्हणाले, "तुमचा ओटीपी सांगतो हो, पण दोन मिनिटं थांबा. मीही इथे नवीनच आहे, माझ्या आधीच्या माणसाचा फोन लागतोय आत्ताच."